खिशातील औषध-पत्रिका : तातडीच्या वेळचा आधार

बेशुद्ध किंवा भांबावलेल्या रुग्णाला दवाखान्यात आणले जाते, तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी लगेच कळाव्या लागतात : रुग्ण कोणती औषधे घेतो, किती घेतो आणि कोणते औषध त्याला सोसत नाही. सोबत आलेली माणसे बहुधा ‘लाल गोळी’, ‘रक्तदाबाची गोळी’ एवढेच सांगू शकतात. ही उणीव पाकिटात मावणारी एक लहानशी पत्रिका भरून काढू शकते; मात्र ती नेमकी लिहिलेली आणि अद्ययावत असली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. हृदयात कृत्रिम झडप बसविलेले एक सेवानिवृत्त शिक्षक सायकलवरून पडले. डोक्यावरची जखम किरकोळ दिसत होती. परंतु ते असंबद्ध बोलू लागले. त्यांच्या पाकिटातील पत्रिकेवर पुढील मजकूर होता : ‘असेनोकुमारॉल 2 मि.ग्रॅ., रोज रात्री 1 गोळी. कारण – हृदयाची कृत्रिम झडप. पेनिसिलिन – इंजेक्शननंतर दहा मिनिटांत अंगभर गांधी व दम लागला.’ खाली रक्तगट, मुलाचा दूरध्वनी क्रमांक आणि तारीख होती.

असेनोकुमारॉल हे रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारे औषध होय. ते घेणाऱ्या माणसाच्या कवटीच्या आत, बाहेरची जखम लहान असली तरी, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी वाट न पाहता डोक्याचे सीटी स्कॅन आणि रक्त गोठण्याची ‘आयएनआर’ तपासणी करविली. औषधाचे कारण लिहिलेले असल्यामुळे दुसरीही अडचण ध्यानात आली. औषधाचा परिणाम उतरविणे आवश्यक असले, तरी ते दीर्घकाळ बंद ठेवल्यास झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो. जखमेसाठी प्रतिजैविक निवडताना पेनिसिलिनच्या वर्गातील औषधे टाळण्यात आली.

तरीही एक गोष्ट पत्रिकेने सांगितली नाही. आयएनआर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली. पत्नीने घरून औषधांची पिशवी आणली, तेव्हा उलगडा झाला. पत्रिका दिवाळीत लिहिलेली होती. त्यानंतर मात्रा 3 मि.ग्रॅ. करण्यात आली होती; शिवाय जुलाबासाठी तीन दिवसांपूर्वी मेट्रोनिडॅझोल सुरू झाले होते. हे औषध असेनोकुमारॉलचा परिणाम वाढविते. दोन्ही बदलांची नोंद पत्रिकेवर नव्हती.

यावरून पत्रिका कशी लिहावी हे स्पष्ट होते. कागद बँकेच्या कार्डाएवढा, म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांब व साडेपाच सेंटिमीटर रुंद असावा. औषधाचे नाव कंपनीचे न लिहिता मूळ औषधाचे लिहावे. ते गोळ्यांच्या पाकिटावर छापलेले असते. एका गोळीत दोन औषधे असल्यास दोन्ही नावे व दोन्ही मात्रा लिहाव्यात. औषधांची नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिल्यास परप्रांतातील डॉक्टरांनाही वाचता येतात. आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या औषधापुढे वार लिहावा. इन्शुलिनपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा; त्याचे आद्याक्षर शून्यासारखे वाचले गेल्यास मात्रा दसपट होते.

‘ॲलर्जी’ या रकान्यात औषधाबरोबर काय झाले तेही लिहावे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, दम लागणे ही ॲलर्जीची लक्षणे होत. गोळीने नुसते मळमळले, तर तो बहुधा दुष्परिणाम असतो. दोन्ही एकाच शब्दात लिहिले, तर आणीबाणीत उपयुक्त औषध विनाकारण टाळले जाते.

पत्रिका बदलण्याची वेळ औषध बदलण्याच्या वेळेशी जोडावी. नवी चिठ्ठी मिळाली, मात्रा बदलली, रुग्णालयातून घरी सोडले किंवा चार दिवसांचे का होईना नवे औषध सुरू झाले, की त्याच दिवशी नवी पत्रिका लिहावी आणि जुनी फाडून टाकावी. खाडाखोड केलेल्या पत्रिकेवर कोणती मात्रा खरी, हे परक्याला समजत नाही. दुकानातून आपणहून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या व आयुर्वेदिक औषधेही नोंदवावीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातील गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून पत्रिका पडताळावी. बदल नसला तरी तारीख नवी घालावी. तीवरूनच डॉक्टर नोंदीवर किती विसंबावे हे ठरवितात.

पत्रिका तपासणीची जागा घेत नाही. मात्र पहिली तपासणी कोणती करावयाची, हे ती सांगते. ती ओळखपत्राच्या मागे ठेवावी, कारण ओळख पटविण्यासाठी प्रथम तेच शोधले जाते. जे पाकीट वापरत नाहीत त्यांनी ती बटव्यात ठेवावी आणि तिची एक प्रत घरातील माणसाकडे द्यावी.