केलेली कॉफी किती वेळ चालते?

केलेली कॉफी किती वेळ पिण्याजोगी राहते, हे दोन गोष्टींवर ठरते. तिच्यात दूध आहे की नाही ही पहिली, आणि ती किती तापमानाला ठेवली आहे ही दुसरी. कोऱ्या कॉफीचा प्रश्न बहुतांशी चवीचा असतो, दुधाच्या कॉफीचा मात्र पोटाचा. डिंगोरे आणि एकूणच जुन्नर-आंबेगाव भागात कॉफी म्हणजे बहुधा दुधात उकळलेली, साखर घातलेली आणि आवडत असेल तर वर जायफळ किसलेली. त्यामुळे इथे पोटाचाच प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

कोरी कॉफी उघड्या कपात ठेवली, तर तिचा सुगंध अर्ध्या-पाऊण तासातच बराचसा उडून जातो. त्यानंतर चव बदलू लागते. कॉफीतली काही संयुगे गरम पाण्यात हळूहळू विघटित होतात, त्यांतून आम्ल तयार होते आणि कॉफी आंबटसर, उग्र लागते. ती बिघडलेली नसते, शिळी झालेली असते. या कॉफीत जिवाणूंना पोसणारे अन्न फारसे नसते आणि ती मुळात किंचित आम्लधर्मी असते. म्हणून सकाळी केलेली कोरी कॉफी स्वच्छ भांड्यात झाकून ठेवली आणि संध्याकाळी प्यायली, तर सहसा काही होत नाही. मात्र रात्रभर ओट्यावर राहिलेली टाकून द्यावी. आणखी दिवस-दोन दिवस गेले, तर तिच्यावर बुरशीचा पातळ पापुद्रा धरू शकतो. तो काढून खालची कॉफी पिऊ नये.

दूध घातले की हे सगळे बदलते. दुधामुळे कॉफीचा आम्लपणा कमी होतो आणि जिवाणूंना प्रथिने व साखर आयती मिळते. दूध उकळले म्हणजे त्यातले सगळे जिवाणू मेले, हा समज खरा नाही. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू दुधात बरेचदा आढळतो. त्याचे बीजाणू उकळीतूनही तगतात आणि दूध कोमट झाले की पुन्हा वाढीला लागतात. ही वाढ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते, आणि या पट्ट्याच्या मधल्या भागात ती सर्वांत वेगाने होते. म्हणून दुधाची कॉफी बाहेर फार तर दोन तास ठेवावी. चैत्र-वैशाखात स्वयंपाकघरातला पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर एकच तास. कपभर कॉफीत घातलेल्या साखरेने ती टिकत नाही. पाकाइतकी साखर असेल तरच जिवाणूंना आळा बसतो. जायफळाचाही या बाबतीत भरवसा धरता येत नाही. उलट कॉफीचा कडवटपणा आणि जायफळाचा वास यांमुळे दूध आंबू लागल्याची पहिली खूण झाकली जाते.

फ्लास्कच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते, कारण फ्लास्क कॉफी टिकवतो असे वाटते. प्रत्यक्षात तो फक्त उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करतो. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, म्हणून उष्णता सावकाश निघते, पण निघते. कॉफी ६० अंशांच्या वर आहे तोवर फ्लास्क तिचे रक्षण करतो. ती त्याखाली आली की तोच फ्लास्क तिला तासन्तास कोमट ठेवतो, आणि जिवाणूंना नेमके तेच हवे असते. या वेळी फ्लास्क उघड्या पातेल्यापेक्षा वाईट, कारण पातेल्यातली कॉफी निदान लवकर गार तरी होते.

शेतपंपाला रात्रीच्या पाळीची वीज असली की फ्लास्क शेतावर जातो. समजा, रात्री नऊला लिटरभराच्या फ्लास्कमध्ये दुधाची कॉफी भरली. फ्लास्क आधी गरम केला नव्हता, म्हणून थंड भिंतीने पहिल्याच मिनिटांत बरीच उष्णता खाल्ली. साडेदहाला दोघांनी एकेक कप घेतला. फ्लास्क अर्धा रिकामा झाला, आत गार हवा शिरली आणि उरलेली थोडी कॉफी आणखी वेगाने निवू लागली. बाहेर माघाची थंडी. पहाटे चारला झाकण उघडले तेव्हा कॉफी जेमतेम कोमट होती. वर साय जमली होती, वास फारसा वाईट नव्हता. ती घरी नेऊन उकळून प्यावी असे कुणालाही वाटेल, पण ती ओतून द्यायला हवी. उकळल्याने वाढलेले जिवाणू मरतात. बॅसिलस सेरियसच्या काही जाती मात्र उलटी घडवणारे एक विष तयार करतात आणि ते उकळीने नष्ट होत नाही. ते पोटात गेले, तर एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. कॉफी कधी ६० अंशांखाली गेली हे वासावरून किंवा चवीवरून कळत नाही, म्हणून घड्याळ आणि तापमान यांवरच विसंबावे.

फ्लास्क वापरायचाच, तर आधी त्यात उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे, मग ते ओतून लगेच उकळती कॉफी काठोकाठ भरावी. घरचा फ्लास्क किती तास धरतो, हे एकदा तपासून ठेवावे. उकळते पाणी भरून झाकण लावायचे आणि दर दोन तासांनी स्वयंपाकाच्या तापमापीने पाहायचे. पाणी जितक्या तासांत ६० अंशांवर आले, त्याच्या निम्मा वेळ दुधाच्या कॉफीसाठी धरावा, कारण मध्येच झाकण उघडले की हिशेब बदलतो. कोऱ्या कॉफीला फ्लास्कमध्ये ही भीती नसते. पण उष्णतेने ती शिजत राहते, म्हणून चार-पाच तासांनी चव उतरते. झाकणाची रबरी चकती दर वेळी काढून धुवावी. तिच्या खाचेत दुधाचा अंश राहतो आणि नव्या कॉफीला तिथूनच विरजण लागते.

फ्रीजमध्ये कोरी कॉफी झाकणाच्या काचेच्या बाटलीत तीन-चार दिवस चांगली राहते. झाकण नसेल, तर ती कांदा-लसणाचा वास धरते. दुधाची कॉफी दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवावी, तीही केल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली असेल तर. मोठे गरम पातेले तसेच आत ठेवू नये. पसरट स्टीलच्या भांड्यात ओतून ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवावे, म्हणजे अर्ध्या तासात कॉफी निवते. वीज गेली, तर न उघडलेला फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल, तर दुधाची कॉफी टाकून द्यावी. कोरी ठेवायला हरकत नाही. फ्रीजमधली कॉफी हवी तेवढीच काढून एकदाच गरम करावी, उरलेली पुन्हा आत ठेवू नये.

रात्रभर शेतावर किंवा माळशेज घाट उतरून लांबच्या प्रवासाला जायचे असेल, तर सर्वांत सुरक्षित मार्ग सोपा आहे. फ्लास्कमध्ये नुसते उकळते पाणी न्यावे, आणि डबीत कॉफी, साखर व दूध पावडर कोरडी न्यावी. पावडर कोरडी असेपर्यंत जिवाणू वाढत नाहीत, आणि कप तिथल्या तिथे तयार होतो. दूध घातलेली कॉफी किती वेळापूर्वी केली, हे नक्की सांगता येत नसेल, तर ती पिऊ नये.