स्क्रीनशॉट आणि जुना रिझ्युमे: यातून अर्जाचं पत्र कसं तयार करायचं?

झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म असं दुकान तुम्ही चालवत असाल किंवा सुरू करणार असाल, तर हे काम तुमच्याकडे येणारच. ग्राहक व्हॉट्सॲप उघडून नोकरीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट दाखवतो, चार-पाच वर्षांपूर्वीचा रिझ्युमे पाठवतो आणि म्हणतो, "दादा, यावरून एक अर्ज लिहून द्या." बहुतेक दुकानांत एक ठरलेला मजकूर असतो. नाव बदललं, पदाचं नाव बदललं, प्रिंट काढली, वीस रुपये घेतले. त्यामुळे एकाच दुकानातून गेलेली तीन पत्रं एकाच कंपनीत शब्दाला शब्द सारखी पोहोचतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

नीट केलं तर याच कामाचे दीडशे रुपये मागता येतात. वेळ लागतो साधारण चाळीस मिनिटं, आणि त्यातला निम्मा वेळ टायपिंगचा नसून ग्राहकाशी बोलण्याचा असतो. असं का, ते एका उदाहरणातून बघू.

समजा, नाशिकमध्ये तुमचं दुकान आहे. एक ताई येतात. जाहिरात एका औषध वितरकाची आहे, म्हणजे मेडिकल दुकानांना होलसेलने माल पुरवणारा व्यापारी. मजकूर असा: "स्टोअर सहायक पाहिजे. पदवीधर. टॅली प्राइम आवश्यक. बॅच व एक्स्पायरीनुसार स्टॉक ठेवता यावा. किमान २ वर्षे अनुभव. औषध क्षेत्रातील अनुभवास प्राधान्य. वेळ सकाळी ८ ते ५. अपेक्षित पगारासह अर्ज ईमेलने पाठवावा." ताईंचा रिझ्युमे मार्च २०२० चा आहे. त्यात बी. कॉम., एमएस-सीआयटी, टॅली ईआरपी ९, आणि किराणा होलसेलच्या दुकानात दीड वर्ष बिलिंगचं काम.

आधी स्क्रीनशॉटकडे बघा. ग्राहकाने तो वाचण्यासाठी काढलेला असतो, अर्ज करण्यासाठी नाही. त्यामुळे खालची ओळ कापलेली असते, आणि नेमकी त्याच ओळीत शेवटची तारीख किंवा "ईमेलच्या विषयात पदाचं नाव लिहावं" अशी सूचना असते. जाहिरात कुठल्या दिवशी आली तेही दिसत नाही. म्हणून मूळ मेसेज किंवा लिंक मागायची. ईमेल पत्ता चित्रातून बघून टाइप करावा लागतो, तेव्हा इंग्रजी छोटा एल आणि आकडा एक, ओ आणि शून्य, आर-एन जोडून दिसणारा एम, इथे हमखास चूक होते. चित्र मोठं करून एकेक अक्षर वाचा आणि ग्राहकालाही वाचायला लावा. जाहिरातीत मुलाखतीआधीच रजिस्ट्रेशन किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले असतील, तर पत्र लिहायला घेऊच नका. ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. दीडशे रुपये गेले तरी चालतील.

आता रिझ्युमे. जुन्या रिझ्युमेत दोन प्रकारच्या गोष्टी असतात: न बदलणाऱ्या आणि बदललेल्या. पदवी, तिचं वर्ष, जुनी नोकरी या गोष्टी बदलत नाहीत. मोबाइल नंबर, ईमेल, पत्ता, आडनाव मात्र बदललेलं असू शकतं. आपल्या उदाहरणातल्या ताईंचा रिझ्युमे माहेरच्या नावाने आहे आणि त्यातला नंबर बंद पडलाय. हे विचारलं नाही, तर पत्र कितीही चांगलं असलं तरी कंपनीचा फोन बंद नंबरवर जाणार. कागदपत्रांवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर पत्राच्या शेवटी दोन्ही नावं लिहायची. मग मुलाखतीत प्रमाणपत्र दाखवताना गोंधळ होत नाही. आणि फक्त पत्रात नको, रिझ्युमेतही नाव-नंबर बदलून घ्या.

खरं काम यानंतरचं आहे. रिझ्युमे २०२० ला थांबतो. पुढची वर्षं कुठे गेली? कंपनीत बसलेला माणूस हाच प्रश्न विचारणार, म्हणून तो आधी तुम्ही विचारा. ताई म्हणतात, "काही नाही हो दादा, लग्न झालं, घरीच होते. सासऱ्यांचं कृषी सेवा केंद्र होतं गावाला, तिथे बसायचे. आता मिस्टरांची बदली झाली म्हणून नाशिकला आलो."

इथे थांबायचं. "तिथे बसायचे" या दोन शब्दांत अख्खा अर्ज लपलाय. फक्त "काय काम करायचात?" असं विचारलं तर उत्तर येईल, "सगळंच." त्याऐवजी जाहिरातीतली एकेक अट हातात घेऊन प्रश्न विचारा. माल आला की कोण मोजून घ्यायचं? बिलाशी कोण ताडायचं? कीटकनाशकाच्या बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदत कुठे लिहायचात? मुदत संपत आलेल्या मालाचं काय करायचात? मग ताई सांगतात की रजिस्टर त्याच ठेवायच्या, जवळच्या मुदतीचा माल पुढच्या फळीवर लावायच्या आणि मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी कंपनीच्या माणसाला परत न्यायला सांगायच्या.

बघा, जाहिरातीत हेच मागितलंय. जो माल आधी संपणार तो आधी विकायचा, ही पद्धत औषधांना लागू आहे तशीच कीटकनाशकांनाही. ताईंना ते कळलं नव्हतं, कारण घरच्या दुकानात पगार नव्हता आणि पगार नाही म्हणजे अनुभव नाही, असं त्यांच्या मनात बसलेलं. बायकांच्या बाबतीत हे इतक्या वेळा होतं की हा प्रश्न विचारल्याशिवाय मी पत्र सुरूच करत नाही.

टॅलीचंही तसंच विचारून घ्या. रिझ्युमेत टॅली ईआरपी ९ आहे आणि जाहिरातीत टॅली प्राइम. प्राइम बाजारात आलं नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे मार्च २०२० च्या रिझ्युमेत ते असणं शक्यच नाही. तुम्ही स्वतःहून नऊच्या जागी प्राइम टाइप करू नका. विचारा, "दुकानात कोणतं होतं?" ताई म्हणाल्या प्राइम, तर आणखी एक साधा प्रश्न: खरेदीची एंट्री कुठल्या बटणाने उघडता? ज्याने रोज काम केलंय तो विचार न करता एफ ९ म्हणतो. हे बटण दोन्ही आवृत्त्यांत तेच आहे, त्यामुळे यावरून प्राइम वापरलंय हे ठरत नाही, पण टॅलीवर हात बसलाय की नाही ते कळतं. उत्तर अडखळत आलं तर "टॅलीची प्राथमिक माहिती आहे" एवढंच लिहा. मुलाखतीत संगणकासमोर बसवलं तर पत्रातली फुगवलेली ओळ तिथेच पकडली जाते.

उरली ती औषधांच्या अनुभवाची अट. तो ताईंकडे नाही. जाहिरातीत "प्राधान्य" लिहिलंय, "आवश्यक" नाही, म्हणजे अर्ज करायला हरकत नाही. ही उणीव लपवायची नाही आणि तिच्याबद्दल माफीही मागायची नाही. एका वाक्यात सांगून पुढे जायचं.

आता पत्र तयार करू. जाहिरात मराठीत आहे म्हणून पत्रही मराठीत. इंग्रजीत असती तर इंग्रजीत केलं असतं.

"महोदय,

आपली स्टोअर सहायक पदाची जाहिरात वाचली. त्या पदासाठी अर्ज करत आहे.

२०२० पासून नाशिकला येईपर्यंत मी आमच्या कुटुंबाच्या कृषी सेवा केंद्रात स्टॉक आणि हिशोब सांभाळला. आलेला माल बिलाप्रमाणे मोजून घेणे, कीटकनाशकांचे बॅच नंबर व मुदत रजिस्टरला नोंदवणे, जवळच्या मुदतीचा माल आधी विक्रीला काढणे आणि उरलेला वेळेत परत पाठवणे ही कामे मी स्वतः करत होते. खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅली प्राइममध्ये करत होते. त्याआधी किराणा होलसेल दुकानात दीड वर्ष बिलिंगचे काम केले आहे.

औषधांच्या दुकानात मी अद्याप काम केलेले नाही. मुदतीनुसार स्टॉक ठेवण्याची सवय मात्र आहे.

मी बी. कॉम. असून आता नाशिकमध्ये राहते. सकाळी ८ ची वेळ मला सोयीची आहे. अपेक्षित पगार दरमहा ... रुपये. रिझ्युमे सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,"

बास, एवढंच. पानाच्या अर्ध्यावर संपतं. "मी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू आहे" ही ओळ मुद्दाम घेतलेली नाही, कारण ती कोणीही लिहितो. "कुटुंबाच्या" हा शब्दही मुद्दाम ठेवलाय. तो काढून नुसतं "कृषी सेवा केंद्रात नोकरी" लिहिलं असतं तर उद्या कंपनीने अनुभवाचा दाखला किंवा पगाराची स्लिप मागितली की ताई अडकल्या असत्या. पगाराचा आकडा ग्राहकानेच ठरवायचा. रिकामा सोडायचा नाही, कारण जाहिरातीत तो मागितलाय.

पाठवण्याआधी पत्र ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक वाक्याला स्वतःला विचारा: हे रिझ्युमेत आहे का, की ग्राहकाने आत्ता सांगितलं? दोन्हीत नसेल तर ती ओळ तुमची आहे, ग्राहकाची नाही. खोडा. वाचून दाखवताना ग्राहक एखाद्या ओळीला "असं काही नव्हतं हो" म्हणतो, तेव्हाही खोडा.

पत्र पाठवायचं ते ग्राहकाच्याच ईमेलवरून. घाईत दुकानाच्या आयडीवरून पाठवलं तर मुलाखतीचं उत्तर तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतं आणि ताईंना पत्ताच नसतो. त्यांना पासवर्ड आठवत नसेल तर आधी तो रीसेट करून द्या, ते वेगळं काम म्हणून पैसे घ्या. पत्राचा मजकूर मेलमध्येच पेस्ट करा, रिझ्युमे पीडीएफ करून जोडा आणि फाइलला ग्राहकाचं नाव व पदाचं नाव द्या. नुसतं "रिझ्युमे न्यू फायनल २" नको. विषयाच्या ओळीत पदाचं नाव लिहा.

मेल गेला की दुकानाच्या कॉम्प्युटरवरून ग्राहकाचा ईमेल लॉगआउट करा. पत्राची वर्ड फाइल त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि दुकानातली प्रत डिलीट करा, व्हॉट्सॲप वेबच्या डाउनलोड फोल्डरमधलीसुद्धा. तिथे लोकांचे पत्ते, जन्मतारखा, मार्कशीट वर्षानुवर्षं पडून असतात. ताई पुढच्या वेळी दुसरी जाहिरात घेऊन आल्या तर ती फाइल त्यांच्याकडे असेलच. रिझ्युमेही आता ताजा झालाय, म्हणून त्या वेळी मी निम्मेच पैसे घेतो.