सरळ खेळातही खिसा रिकामा होतो

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दाजींकडे माझे पाचशे रुपये गेले. पैशांपेक्षा त्यांचं वाक्य जास्त लागलं: “तुला खेळताच येत नाही.” तिथे खेळण्यासारखं होतं तरी काय? दर वेळी कॅट पिसायचा आणि वरचा पत्ता उघडायचा. लाल निघाला तर मला शंभर, काळा निघाला तर त्यांना. 26 लाल, 26 काळे. लबाडी नव्हती, पिसत मीच होतो.

माझ्याकडे 500, त्यांच्याकडे 4500. साडेअकराला माझ्यापुढे बाराशे होते. उठू लागलो तर म्हणाले, “जिंकून पळतोस?” दाजींचा मान म्हणून बसलो. दोनच्या सुमाराला शेवटची शंभराची नोट गेली आणि तेव्हाच डोक्यात उजेड पडला. सातशेनं मागे पडल्यावर त्यांनी फक्त पुन्हा पाकिटात हात घातला होता. मी पाचशेनं मागे पडलो की खेळच संपणार होता.

दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला. समजा माझ्याकडे 100 आणि त्यांच्याकडे 200 आहेत. पहिला हात हरलो की मी संपलो. ती शक्यता निम्मी. जिंकलो तर माझे 200 आणि त्यांचे 100 होतात, म्हणजे जागा उलटतात. असं कोणीतरी रिकामं होईपर्यंत चाललं, तर तीनात दोनदा मी बुडतो आणि एकदाच 300 घेऊन उठतो. सरासरी पाहिली तर माझे 100 तसेच राहतात, म्हणून खेळ सरळच. पण सरासरी खिशात येत नाही.

शेवटपर्यंत खेळलं तर बुडण्याची शक्यता म्हणजे समोरच्याचे पैसे भागिले दोघांचे मिळून पैसे. आमच्या बाबतीत 4500 भागिले 5000, म्हणजे दहात नऊ वेळा. मी चुकलो नव्हतो, दाजीही हुशार ठरले नव्हते. त्यांचं पाकीट मोठं होतं.

पण “डाव लहान ठेवा” एवढ्यानं भागत नाही. दहा-दहा रुपये लावून शेवटपर्यंत बसलात तरी दहात नऊ हेच उत्तर येतं. फक्त खेळ सरासरी 225 हातांऐवजी 22,500 हात चालतो. म्हणून हातांची संख्याही आधी ठरवा. शंभराचे वीस हात खेळलात, तर त्यातच पाचशे संपण्याची शक्यता साधारण चारात एकदा. दहाचे वीस हात खेळलात, तर सगळे हरूनही दोनशेच जातात.

उसने घेऊन खेळू नका. ज्याच्यापुढून उठायला संकोच वाटतो, त्याच्याशी तर मुळीच नको. पुढच्या दिवाळीला पत्ते निघाले की मी पहिल्या हाताआधीच “दहाचे वीस हात” म्हणून सांगणार आहे. दाजींनी तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवीन.