ओल्या पावलाचा फोटो काय सांगतो

लहान मुलांच्या हाडांच्या तक्रारी मी तपासतो. कागदावर उमटलेल्या ओल्या पावलाचा फोटो दाखवून ‘पाय सपाट आहे का?’ असं बरेच पालक विचारतात. त्यातून शिकलेल्या या चार गोष्टी.

१. आधी ठसा तपासा. पायाला पाणी जास्त असेल तर ते कागदात पसरतं आणि कमान असलेलं पाऊलही सपाट दिसतं. म्हणून ओला पाय आधी फडक्यावर टेकवावा, मग मुलाला खाकी कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करावं. ठसा वाळण्याआधी पेन्सिलीने कडा आखून घ्यावी. फोटो बरोबर वरून काढावा. तिरक्या फोटोतली रुंदी फसवी असते.

२. दोनच मापं घ्या आणि ती वयाशी ताडून बघा. टाचेची सर्वांत जास्त रुंदी आणि पावलाच्या मधल्या भागाची सर्वांत कमी रुंदी. चार वर्षांच्या एका मुलीच्या ठशात दोन्ही ४ सेंटीमीटर भरली, म्हणजे आतल्या बाजूला खाच जवळपास नव्हतीच. या वयात हे नेहमीचं आहे. तळव्याखाली चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात. कमान हळूहळू, साधारण दहाव्या वर्षापर्यंत घडत जाते.

३. ठसा आकार सांगतो, लवचीकपणा सांगत नाही. म्हणून मी दुसरा फोटो मागतो : मूल चवड्यांवर उभं असताना मागून काढलेला. त्या मुलीची कमान चवड्यांवर उभं राहताच उठून दिसली आणि टाचा आत वळल्या. पाय दुखत नव्हता, ती धावत-खेळत होती. म्हणजे पाय लवचीक. तिला बूट किंवा इनसोल दिले नाहीत. अशा पायात खास बूट वा इनसोल घालून कमान लवकर घडत नाही, हे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या तीन वर्षांच्या अभ्यासात दिसलं आहे.

४. काळजी ठशापेक्षा लक्षणांनी ठरते. अकरा वर्षांच्या एका मुलाचा ठसा तिच्यासारखाच होता, पण फक्त उजव्या पायाचा. खेळून आल्यावर घोट्याखाली दुखायचं. चवड्यांवर उभा राहिला तरी उजवी टाच आत वळेना. अशा ताठ पायात कधी कधी दोन हाडं जन्मतःच जोडलेली असतात आणि त्रास या वयात सुरू होतो. त्याला एक्स-रे सांगितला. वेदना, ताठपणा, एकाच पायाचा सपाटपणा किंवा आधीची कमान नाहीशी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर मुलाला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. यातलं काहीच नसेल तर सहा महिन्यांनी तसाच ठसा पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.