आईची औषधं कुठल्या बॅगेत?

प्रश्न : आई ६९ वर्षांची आहे. मधुमेहामुळे सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. भावाकडे न्यू जर्सीला सहा महिने एकटीच निघाली आहे. विमानप्रवास पहिलाच. औषधं किती न्यायची, कशी बांधायची? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सहा महिन्यांची औषधं एकदम भरू नका. सोबत साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त औषध आणू नये, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं सांगणं आहे. मुक्काम त्याहून लांब असेल, तर पुढची औषधं चिठ्ठी, डॉक्टरांचं पत्र आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती जोडून मागाहून पाठवता येतात.

आता हिशेब मांडू. समजा, आई दोन्ही वेळचे मिळून २० युनिट घेतात. पेनने टोचण्याआधी दर वेळी २ युनिट सोडून सुई तपासायची असते, म्हणजे रोजचे २४ झाले. ९० दिवसांचे २१६०. एका पेनमध्ये ३०० युनिट असतात, त्यामुळे आठ पेन लागतील. हे तपासणीचे युनिट बहुतेक जण धरत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात पेन कमी पडतं.

ही सगळी पेनं हातातल्या बॅगेतच ठेवा. खाली सामानात तापमान गोठण्याइतकं उतरू शकतं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामी होतं, आणि दिसायला ते नेहमीसारखंच असू शकतं. म्हणून बर्फाच्या पिशवीलाही पेन थेट टेकू देऊ नका, मध्ये टॉवेल गुंडाळा. ग्लुकोमीटर, सुया, ग्लुकोजच्या गोळ्या आणि थोडा खाऊही त्याच बॅगेत हवा.

गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरायची सवय असेल, तर या प्रवासापुरती ती मोडा. पट्ट्या अखंड ठेवा आणि दुकानाचं बिल जोडा. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घ्या. तीत गोळीच्या ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव आणि मात्रा हवी. इथला ब्रँड तिथल्या डॉक्टरला कळेलच असं नाही. आपल्या पॅरासिटामॉललाही तिकडे असिटामिनोफेन म्हणतात.

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. त्या लांब दिवसात इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचं, हे डॉक्टरांकडून भारतीय वेळेनुसार लिहून घ्या, आणि आईंचं मनगटी घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका.

कागदांची पिशवी गळ्यात असू द्या : पासपोर्ट, परतीचं तिकीट, विम्याचा कागद, भावाचा पत्ता व फोन मोठ्या अक्षरांत. विमा घेताना मधुमेह जरूर कळवा, नाहीतर दावा नाकारला जाऊ शकतो. व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवा, निदान ४८ तास आधी. आई चालत्या-फिरत्या असल्या तरीही, कारण सोबतचा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेरपर्यंत नेतो.

खाऊत कढीपत्ता आणि ताजी फळं नकोत. मसाला, चटणी चालते, पण विचारल्यावर खाद्यपदार्थ आहेत असं सांगायचं, हे आईंना आत्ताच सांगून ठेवा.