सगळ्या x साठी, पण कोणते k?

आंबोलीत पावसाळ्याचे महिने घरात फळा टांगून अकरावी-बारावीच्या मुलांचं गणित घेतो. पाऊस कौलांवर असा कोसळतो की तोंडी शिकवलेलं मागच्या मुलापर्यंत पोचत नाही. म्हणून प्रत्येक पायरी फळ्यावर लिहायची सवय लागली. तिच्यामुळे एका प्रश्नात मुलं नेमकी कुठे घसरतात, हे मला स्वच्छ दिसू लागलं. तो प्रश्न असा:

kx² + 4x + (k − 3) ही राशी x च्या प्रत्येक वास्तव किमतीला धन असेल, तर k च्या सर्व किमती शोधा.

१. आधी k ठरतो, मग x फिरतो.

एका मुलीने x = 1 घातलं, 2k + 1 > 0 मिळवलं आणि k > −1/2 हे उत्तर म्हणून चौकटीत लिहिलं. तिची आकडेमोड बरोबर होती. चूक होती ती दोन अक्षरांच्या भूमिका न ओळखण्यात. k हा प्राचल आहे. तो एकदा निवडला की हलत नाही, आणि मग x ला वाटेल तिथे फिरायची मोकळीक असते. तिच्या उत्तरातला k = 1 घेतला तर राशी x² + 4x − 2 होते आणि x = 0 ला ती −2 भरते. म्हणजे तो k गेला.

तरीही एखादा x घालून बघणं वाया जात नाही. मूळ राशीत x = 0 घाला: k − 3 > 0, म्हणजे k निदान 3 पेक्षा मोठा हवाच. हे उत्तर नव्हे, पण उत्तर या कुंपणाच्या आतच सापडणार. पुढे ते पडताळणीला उपयोगी पडतं.

२. विवेचकाची अट पाठ करू नका, ती उभी राहताना पाहा.

मुलांना "a > 0 आणि b² − 4ac < 0" हे ओठांवर असतं. घाईत पहिला अर्धा भाग गळतो. त्यावर मला सापडलेला उपाय श्रीधराचार्यांचा आहे. वर्गसमीकरणाला 4a ने गुणून पूर्ण वर्ग करायची त्यांची रीत भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त उद्धृत केली आहे. श्रीधरांचा स्वतःचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, त्यामुळे ही रीत आपल्यापर्यंत आली ती भास्कराचार्यांमुळे. तीच इथे वापरू:

4a(ax² + bx + c) = (2ax + b)² + (4ac − b²)

उजवीकडचा वर्ग कधीच ऋण होत नाही, आणि x = −b/2a ला तो शून्य होतो. म्हणून 4ac − b² धन असेल तर उजवी बाजू सदैव धन राहते. पण डावीकडे राशीला 4a चिकटलेला आहे. a धन असेल तर राशीही धन. a ऋण असेल तर उजवी बाजू धन राहण्यासाठी राशीला सदैव ऋण व्हावं लागेल. a > 0 ही अट येते ती इथून.

आता आपलं उदाहरण घेऊ:

4k × राशी = (2kx + 4)² + 4(k² − 3k − 4)

कंसातल्या k² − 3k − 4 चे अवयव (k − 4)(k + 1). हा गुणाकार धन होतो तो k < −1 किंवा k > 4 असताना. बरीच मुलं इथेच थांबून दोन्ही तुकडे उत्तरात लिहितात. तेव्हा मी k = −2 घ्यायला सांगतो. राशी होते −2x² + 4x − 5. वरच्या सूत्रात उजवीकडे (4 − 4x)² + 24 येतं, डावीकडे −8 × राशी. म्हणजे ही राशी −3 च्या वर कधी जातच नाही. सदैव ऋण! विवेचकाची अट पाळली गेली, तरी हवं त्याच्या नेमकं उलट घडलं. k धन हवा असल्यामुळे डावा तुकडा बाद झाला आणि k > 4 उरलं. पहिल्या धड्यातल्या k > 3 या कुंपणातही ते बसतं.

३. x² चा सहगुणक शून्य होतो का, हे पहिल्या ओळीत लिहा.

वरच्या उदाहरणात k = 0 ठेवला तर 4x − 3 ही तिरकी रेषा उरते आणि ती x-अक्ष ओलांडते. तो k बाद होतोच, म्हणून त्याची दखल न घेणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळून जातात आणि वाईट सवय मुरते. हे ओळखून मी दुसरी राशी मुद्दाम देतो:

(k − 2)x² + 2(k − 2)x + 4

इथे k > 2 आणि (k − 2)(k − 6) < 0 या अटींतून 2 < k < 6 येतं. पण k = 2 ला x ची दोन्ही पदं नाहीशी होतात, 4 उरतो, आणि 4 तर धनच आहे. खरं उत्तर 2 ≤ k < 6. प्रश्नात "वर्गराशी" असा शब्द असेल तर k = 2 बाहेर राहील, नुसती "राशी" असेल तर आत येईल. म्हणून प्रश्नातला तो शब्द बोट ठेवून वाचायचा.

४. x कुठे फिरतो ते विचारा.

हा धडा मला एका विद्यार्थ्याने दिला. x² − 2kx + 4 ही राशी मी फळ्यावर लिहिली होती. सर्व वास्तव x साठी ती धन हवी तर 4k² − 16 < 0, म्हणजे −2 < k < 2. मग मी म्हटलं, समजा x म्हणजे दिवसभरात पडलेला पाऊस. तो लगेच म्हणाला, "सर, उणो पाऊस खंय पडता?"

बरोबर बोलला. x ≥ 0 एवढंच पाहायचं असेल, तर विवेचक ऋण असण्याची सक्ती उरत नाही. k = −5 घ्या: x² + 10x + 4. तिचा विवेचक 84, म्हणजे धन, आणि ती शून्यही होते, पण ते दोन्ही x ऋण आहेत. ते आपल्या वाटेत येत नाहीत.

अशा वेळी k वेगळा काढणं सोपं पडतं. x = 0 ला राशी 4 आहे, तिथे प्रश्नच नाही. x > 0 असेल तर x ने भागून अट होते 2k < x + 4/x. उजवी बाजू कमीत कमी 4 असते, x = 2 ला. म्हणून 2k < 4, म्हणजे k < 2. खालची मर्यादा पूर्ण सुटली. धन x ने भागल्यामुळे चिन्ह उलटलं नाही, हे मात्र वहीत लिहायला लावतो. x दोन्ही बाजूंना फिरत असेल तर हा भागाकार असा सरळ करता येत नाही.

५. टोकांची किंमत घालून बघा.

k = 4 घातला की पहिली राशी (2x + 1)² होते आणि x = −1/2 ला शून्य. शून्य धन नाही, म्हणून 4 बाहेर. प्रश्नात > ऐवजी ≥ असतं तर 4 आत आला असता. टोक, टोकाच्या आतली एक किंमत, बाहेरची एक: तीन किमती तपासायला दोन मिनिटं पुरतात.

वाचकांपैकी कोणी हे शिकवत किंवा शिकत असेल, तर (k + 1)x² − 2(k − 1)x + 3(k − 1) सर्व वास्तव x साठी कधी धन असते, ते करून पाहा. उत्तर k > 1 येतं. k = −1 चं काय होतं, ते मात्र पहिल्या ओळीत लिहा.