वास आला तर बटणाला हात लावू नकोस

चि. सायली,

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "रात्री गॅसचा वास आला म्हणून उठले, दिवा लावला, एक्झॉस्ट फॅन सुरू केला." मामाची झोपच उडाली गं. बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी उडते आणि कोंडलेल्या गॅसला तेवढी पुरते. लागलेला दिवा बंद करतानाही ती उडतेच. म्हणून जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद राहू दे.

निरंजन, उदबत्ती तेवत असेल तर ती आधी विझव. मग रेग्युलेटरची खटकी बंद कर आणि दार-खिडक्या सताड उघड. हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीलगत साचतो. नुसत्या वरच्या खिडकीने तो जात नाही, बाल्कनीचं दार उघडावं लागतं. रेग्युलेटर काढून सिलिंडरला दोरीने बांधलेली टोपी घट्ट बसव. बाहेर ये आणि तिथूनच १९०६ ला फोन कर; हा क्रमांक चोवीस तास चालतो. वास फार उग्र असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर यातलं काही करत बसू नकोस, सरळ घराबाहेर पड.

इतकी वर्षं एजन्सीत मेकॅनिक म्हणून घरोघर फिरलो, त्यातलं एक घर सांगतो. सकाळी नवा सिलिंडर लावला आणि दुपारपासून वास. खटकी बंद केली की वास थांबे, उघडली की पुन्हा येई. घरच्यांनी शेगडीचं बर्नर दोनदा घासलं होतं. मी साबणाचं पाणी आधी नळीच्या दोन्ही टोकांना लावलं, काही नाही. रेग्युलेटर जिथे सिलिंडरवर बसतो तिथे लावलं, तर बुडबुड्यांची माळ उठली. रेग्युलेटर काढून पाहिलं, तर व्हॉल्व्हमधलं काळं रबरी वॉशर गायब! वॉशर बसवलं, बुडबुडे थांबले. खटकी बंद करूनही वास येत राहिला असता, तर दोष व्हॉल्व्हच्या पिनेत असता. तेव्हा टोपी लावून सिलिंडर बदलून घ्यायचा. काडी पेटवून गळती शोधणारे मी पाहिलेत, तू ते कधीही करू नकोस.

तुझी नळी आधीच्या भाडेकरूची आहे, याची मला जास्त काळजी वाटते. महिन्यातून एकदा ती दोन्ही टोकांशी वाकवून बघ. तिथेच बारीक चिरा पडतात, कारण तिथे ताण येतो. शेगडीखालून गेलेला भाग तापून कडक होतो, उंदीरही कुरतडतात. नळीवर कापडी कव्हर घालू नकोस, चिरा झाकल्या जातात. आयएसआय शिक्क्याची केशरी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची, वरून कितीही चांगली दिसली तरी. चिकटपट्टी गुंडाळून काम भागवायचं नाही.

तुझ्या नळीवर कोणतं साल छापलंय, ते आज घरी गेल्यावर बघ आणि मला कळव. छपाई पुसली असेल तर साल शोधत बसू नकोस, उद्याच एजन्सीतून नवी आण.

तुझा,
मामा